आयात केलेल्या सीलवर भरलेली ड्युटी पंप निर्यात केल्यावर परत कशी मागायची? सीएचए मंडळींची मदत हवी आहे

करवीर_पंप

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ आमचा पंपांचा छोटा कारखाना आहे. ओतकाम, मशीनिंग, जोडणी सगळं इथलंच. फक्त मेकॅनिकल सील बाहेरून मागवावे लागतात, कारण परदेशी गिऱ्हाइकाने ड्रॉइंगवर तोच मेक लिहून दिला आहे.

आकडे गोल करून देतो. 100 सील मागवले. बिल ऑफ एंट्रीवर किंमत धरली 7,50,000. त्यावर बेसिक ड्युटी साडेसात टक्के म्हणजे 56,250, आणि सोशल वेल्फेअर सरचार्ज 5,625. एकूण 61,875 रुपये भरले. आयजीएसटी वेगळा, त्याचं क्रेडिट घेतलं आहे.

गेल्या महिन्यात 80 पंप न्हावा शेवाहून गेले, एफओबी 20 लाख. ड्रॉबॅकचे 40,000 खात्यात आले. म्हणजे भरले जवळजवळ 62 हजार आणि परत आले 40. उरलेल्यासाठी 'ब्रँड रेट'चा अर्ज करता येतो असं ऐकलं. तो कुठे करायचा, काय कागद लागतात? तेवढ्याच 80 पंपांची दुसरी ऑर्डर पुढच्या महिन्यात जाणार आहे. आमचे सीएचए भले माणूस आहेत, पण ते म्हणतात, "मिळालं ते घ्या आणि सोडा." मला सोडायचं नाही. आमच्या धंद्यात वीस हजार ही लहान रक्कम नाही.

निर्यातमित्र

तुम्ही ड्रॉबॅकच्या नादी कशाला लागता? RoDTEP घ्या, सरळ स्क्रिप मिळते. पण दोन्ही एकत्र घेता येत नाहीत हे लक्षात ठेवा. एक घेतलं की दुसरं बंद.

सीएचए_उरण

निर्यातमित्र, स्क्रिप मिळते हे बरोबर, पण दुसरं बंद होतं हे चूक. RoDTEP आहे तो वीज, डिझेल, मंडी कर अशा कुठूनच परत न मिळणाऱ्या करांसाठी. कच्च्या मालावरच्या कस्टम्स ड्युटीसाठी ड्रॉबॅकच. एकाच शिपिंग बिलावर दोन्ही मागता येतात आणि आमच्याकडे रोज मागितले जातात.

करवीर, आता तुमचं. पहिल्या कन्साइनमेंटचं आधी स्पष्ट सांगतो: ते गेलं. तुम्हाला मिळाले ते शेड्यूलमधल्या सरसकट दराचे, ज्याला आम्ही एआयआर म्हणतो. 2017 च्या ड्रॉबॅक नियमांतल्या नियम 7 मध्ये ब्रँड रेटची सोय आहे, पण ज्या मालावर एआयआरचा क्लेम झाला त्यावर तो अर्ज चालत नाही. शिपिंग बिल हाच क्लेम असतो, त्यामुळे निर्णय माल निघण्याआधीच घ्यावा लागतो.

पण वाईट वाटून घेऊ नका, तुमचा नुकसानीचा हिशेबच बरोबर नाही. तुम्ही 100 सीलची ड्युटी धरली, गेले मात्र 80. उरलेले 20 तुमच्या स्टोअरमध्ये आहेत किंवा देशातल्या पंपांत बसले. त्यांची ड्युटी या निर्यातीच्या खात्यात येत नाही. 80 सीलची ड्युटी होते 49,500. नियम 7 लागू होण्यासाठी एआयआरची रक्कम प्रत्यक्ष ड्युटीच्या 80 टक्क्यांहून कमी असावी लागते. 49,500 चे 80 टक्के 39,600. तुम्हाला मिळाले 40,000. म्हणजे आधी विचारलं असतंत तरी मी नाहीच म्हणालो असतो. चारशे रुपयांनी दार बंद आहे.

करवीर_पंप

साहेब, हे इतकं सरळ कोणी सांगितलं नव्हतं. एक गोष्ट राहिली. दुसऱ्या ऑर्डरमध्ये गिऱ्हाइकाने बेअरिंगसुद्धा ठरावीक मेकच्या मागितल्या आहेत, त्याही आयात केल्या. 80 पंपांना लागणाऱ्या बेअरिंगची किंमत 2,40,000, ड्युटी सरचार्जसकट 19,800. मग चित्र बदलतं का?

सीएचए_उरण

बदलतं. 49,500 अधिक 19,800 म्हणजे 69,300. त्याचे 80 टक्के 55,440, आणि एआयआर तोच 40,000. आता नियम 7 मध्ये बसता. सगळं सिद्ध झालं तर 29,300 जास्त मिळतील.

शिपिंग बिलात ड्रॉबॅकच्या रकान्यात आधी 9807, मग शेड्यूलमधला तुमचा क्रमांक, शेवटी B असं टाकायला सीएचएंना सांगा. हा 9807 म्हणजे 'मी ब्रँड रेट मागणार आहे' अशी नोंद. तो टाकला की एआयआरएवढी रक्कम तात्पुरती मिळते आणि फरकासाठी अर्ज उघडा राहतो. नुसता नेहमीचा क्रमांक गेला तर पुन्हा पहिल्यासारखंच होईल. चेकलिस्ट सहीला येईल तेव्हा तो रकाना स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

अर्ज निर्यात बंदराच्या कस्टम्स कमिशनरकडे. लेट एक्स्पोर्ट ऑर्डरपासून 3 महिने मुदत. पुढे मुदतवाढ मिळते, पण फी भरून आणि कारण देऊन. तिच्यावर विसंबू नका.

कागदांत खरी कसोटी डीबीके-1 आणि डीबीके-2 या तक्त्यांची. पहिल्यात एका पंपाला काय किती लागतं, दुसऱ्यात ते सामान कुठल्या बिल ऑफ एंट्रीने आलं आणि किती ड्युटी भरली. अधिकारी या दोहोंचा सांधा तुमच्या स्टोअरच्या रजिस्टरमध्ये शोधतो. इश्यू स्लिपवर नुसतं 'सील 80 नग' लिहिलेलं असलं की प्रश्न सुरू, कारण तुमच्याकडे निर्यातीचे आणि देशातले पंप एकाच शेडमध्ये जुळतात. स्लिपवर बिल ऑफ एंट्रीचा नंबर आणि जॉब नंबर दोन्ही हवेत, आणि ते त्याच दिवशी लिहिलेले हवेत. मागाहून एका बैठकीत भरलेलं रजिस्टर शाईवरूनच ओळखू येतं.

तळेगावकर

माझाही असाच प्रश्न आहे. जर्मनीहून टेस्टिंग मशीन आणलं, वर्षभर वापरलं, आता परत पाठवतोय. मलापण 9807 टाकायचा का?

सीएचए_उरण

नाही दादा, तुमचं कलम 74. आणलेली वस्तू तशीच परत जाते तेव्हा ते लागतं. करवीरांचा माल बनवताना दुसऱ्या वस्तूत गेला, म्हणून त्यांना 75. न वापरता दोन वर्षांच्या आत पाठवलं असतं तर 98 टक्के ड्युटी परत होती. वापरलं की प्रमाण महिन्यांनुसार उतरतं आणि 18 महिन्यांनंतर काहीच नाही. त्यामुळे लवकर हला, आणि मशीनचा सीरियल नंबर आयातीच्या कागदांवर आहे का ते आधी बघा. तेच मशीन आहे हे अधिकाऱ्याला पटलं पाहिजे.

शिरोली_इंजि

करवीर, आमचा अनुभव. आम्ही बेअरिंग स्वतः आयात न करता मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घेतल्या होत्या. ड्युटी त्याने भरलेली, बिल ऑफ एंट्री त्याच्या नावावर. त्याने 'मी क्लेम करणार नाही' असं पत्र आणि बिल ऑफ एंट्रीची प्रत दिली, आमचं काम झालं.

सीएचए_उरण

तुमचं झालं ते चांगलंच. माझ्या एका पार्टीने तेवढेच कागद दिले, तरी अडकलं. व्यापाऱ्याच्या बिलावर बिल ऑफ एंट्रीचा नंबर नव्हता, मग त्याच लॉटमधला माल विकला कशावरून असं विचारलं गेलं. अजून फाइल चालू आहे.

करवीर_पंप

आता धास्ती वाटते. सील आम्हीच आयात केले, पण बेअरिंगपैकी निम्म्या आमच्या नावावर आणि निम्म्या आमच्याच भावकीतल्या दुसऱ्या फर्मच्या नावावर आल्यात. ड्युटीचा आकडा वर दिला तो दोन्ही मिळून आहे. त्या निम्म्या वगळल्या तर 59,400 उरतात, त्याचे 80 टक्के 47,520, म्हणजे तरीही एआयआरच्या वर. त्या फर्मच्या बेअरिंग अर्जात धरू की सोडून देऊ?

सीएचए_उरण

पात्रता स्वतःच्या बेअरिंगवरच सिद्ध होतेय, हे चांगलं. त्या फर्मने तुम्हाला रीतसर जीएसटी बिल केलं आहे का, आणि त्यावर बिल ऑफ एंट्रीचा नंबर आहे का? माल नुसताच शेडमध्ये आणून ठेवला असेल तर त्या 9,900 रुपयांपायी बाकीचा अर्ज अडकवू नका. बिल असेल तर इथे फोटो टाकू नका, नावं झाकून मजकूर तेवढा लिहा, मग बघून सांगतो.