साडेनऊ वर्षांच्या मुलीला आत्ताच सांगायचं, की पाळी येईपर्यंत थांबायचं?

त्रिमूर्तीनगरची आई
मुलगी साडेनऊची, यंदा पाचवीत जाईल. परवा म्हणाली, "आई, इथे गोटी झाली आहे, हात लागला की दुखते." डाव्या बाजूला, निपलच्या बरोबर खाली, चिंचोक्याएवढी. उजवीकडे काहीच नाही. तिच्या आत्याला कॅन्सर होऊन गेला आहे, म्हणून तिचा पुढचा प्रश्न तोच होता. मी घाबरून "काही नाही, जाईल आपोआप" म्हणून मोकळी झाले. सासूबाई म्हणतात, पाळी आली की सांगू, आत्ता डोक्यात काही भरू नको. किती सांगू आणि कोणत्या शब्दांत?

महालातली आजी
तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे. साडेनऊचं लेकरू अजून भातुकली खेळते. त्याच्यापुढे रक्ताचं नाव काहून काढायचं? माझ्या नातीला सुनेनं चौथीतच सगळं सांगून टाकलं, तर पोर आठ दिवस माझ्याजवळून हलली नाही, रोज विचारे, "आज येईल का?" वेळ आली की आई असतेच ना जवळ.

निवृत्त सिस्टर, बालरुग्ण ओपीडी
आई जवळ असतेच असं नाही, आजी. पुष्कळदा पहिली पाळी शाळेत नाहीतर ऑटोत येते. पण तुमच्या नातीचं जे झालं ते खरं आहे. तिला काय येणार ते सांगितलं, कधी येणार ते सांगितलं नाही, म्हणून ती रोज वाट पाहत राहिली.

त्रिमूर्तीनगरच्या ताई, आधी ते "जाईल" दुरुस्त करा, आजच. ती जाणार नाही, वाढणार आहे. मुलगी रोज आंघोळीत चाचपून बघेल, आणि पुढचा प्रश्न मैत्रिणीला विचारेल.

तुमच्या घरात "गाठ" म्हणजे आत्याचा आजार, म्हणून तो शब्द टाळा. आम्ही ओपीडीत "कळी" म्हणत होतो. स्तन वाढायला लागतात तेव्हा निपलच्या खाली आधी अशीच चकती लागते. मुलींमध्ये हे आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान कधीही सुरू होतं, आणि एकीकडे आधी, दुसरीकडे नंतर हे आम्ही रोज बघायचो. दुसरी बाजू काही आठवड्यांत येते, कधी सहा महिनेही लागतात. सायकलच्या हँडलचा धक्का बसला तरी कळवळायला होतं. सैल सुती स्लिप द्या. शेक, लेप काही नको आणि रोज दाबून बघणंही नको.

आता काळजीनं सांगते. "काढून टाकू" किंवा "सुई घालून तपासू" असं कुणी म्हटलं तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पुढचा सगळा स्तन त्या कळीपासूनच तयार होतो. कळी काढली तर त्या बाजूला तो वाढतच नाही. कातडी लाल आणि गरम झाली, ताप आला, निपलमधून काही यायला लागलं किंवा गाठ निपलखाली नसून बाजूला लागली, तर मात्र लगेच दाखवा. हेच आठ वर्षं पूर्ण व्हायच्या आधी दिसलं असतं तरी दाखवा म्हटलं असतं.

दोन लेकींचा बाबा, मनीषनगर
साडेनऊ म्हणजे लवकरच झालं की. हे सगळं दुधातल्या इंजेक्शनमुळे होऊन राहिलं आहे. दूध बंद करा. आणि थोडंथोडं सांगत बसू नका, एक रविवार घ्या, व्हिडिओ लावा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगून मोकळे व्हा. आम्ही तसंच केलं.

निवृत्त सिस्टर, बालरुग्ण ओपीडी
साडेनऊ लवकर नाही, भाऊ. जनावराला टोचतात ते ऑक्सिटोसिन पोटात गेलं तरी पचून जातं, त्यानं कळी येत नाही. वाढत्या पोरीचं दूध तोडू नका. वजन जास्त असलं तर मुली लवकर वयात येतात, हे मात्र दिसतं. तुम्ही बाबा असून स्वतः बसलात, हे मला फार आवडलं. पण एका बैठकीत सगळं सांगितलं तर मूल अर्धं ऐकतं आणि उरलेल्याची भीती घेऊन उठतं. मी म्हणेन, तिनं विचारलं त्याचं खरं उत्तर द्या आणि पुढची एक पायरी सांगा.

कळी दिसल्यापासून पाळी साधारण दोन ते अडीच वर्षांनी येते, काहींना थोडी आधीही. मधे उंची भरभर वाढते, केस येतात, आणि पाळीच्या सहा महिने ते वर्षभर आधी चड्डीला पांढरट डाग दिसायला लागतात. म्हणून आज कळीबद्दल बोला आणि पाळीचं नाव तेवढं काढा. पॅड हातात देऊन, चिकटवून दाखवायचं काम फार तर त्या डागांपर्यंत लांबवा, त्यापुढे नको.

गोधनीची आई
माझ्या मुलालाही डाव्या छातीत अशीच गाठ आली आहे, तो बारा वर्षांचा आहे. मित्र चिडवतात म्हणून टी-शर्ट काढत नाही, पोहायला जाणं सोडलं. त्यालाही हे मुलींसारखं वाढेल का?

निवृत्त सिस्टर, बालरुग्ण ओपीडी
नाही वाढणार. या वयात कितीतरी मुलांना येते आणि बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत बसून जाते. त्याला तेवढंच सांगा आणि पोहायचं की नाही ते त्याच्यावर सोडा. वाढतच राहिली तर दाखवा.

महालातली आजी
सिस्टर, कधी येणार ते सांगायचं, हे पटलं. नातीला सांगीन. पण नावं काढून, अवयवांची चर्चा करून काय मिळते? आम्ही "शरीरातलं खराब रक्त निघून जाते" एवढंच सांगितलं, पोरींनी ऐकलं.

निवृत्त सिस्टर, बालरुग्ण ओपीडी
खराब नसतं हो ते. गर्भाशयाचं आतलं अस्तर दर महिन्याला तयार होतं, लागलं नाही की रक्ताबरोबर पडून जातं. चार-पाच दिवसांत मिळून दोन-तीन मोठे चमचे. "खराब" म्हटलं की मुलगी स्वतःलाच खराब समजते, मग डाग लपवते, दुखलं तरी सांगत नाही. दुसरं असं की तिला "योनी" हा शब्दच माहीत नसेल, तर खाज सुटल्यावर "खाली होतंय" म्हणेल आणि आपण लघवीची तपासणी करत बसू.

महालातली आजी
तो शब्द माझ्या तोंडून निघणार नाही, बाई. सून सांगेल.

त्रिमूर्तीनगरची आई
काल दुपारी दोघीच कूलरसमोर होतो, तेव्हा बोलले. म्हटलं, "परवा मी चुकीचं सांगितलं. ती जाणार नाही, ती वाढणारी कळी आहे. तुझे स्तन तयार व्हायला लागलेत. आत्याला झालं होतं ते हे नाही." तिनं विचारलं, "दुसरीकडे आलीच नाही तर?" म्हटलं, सहा महिनेही लागू शकतात, तोवर मोजायचं नाही. मग म्हणाली, "शाळेत दिसेल का?" शाळा महिन्याअखेरीस सुरू होईल, म्हणून तिला घेऊन स्लिप आणायला जाणार आहे. बाबांना सांगू का विचारलं, तर म्हणाली, "सांग, पण माझ्यासमोर नको."

मग मी पुढची पायरी म्हणून पाळीचं नाव काढलं, अजून दोनेक वर्षं आहेत असं सांगितलं. मला वाटलं, हा शब्द ती पहिल्यांदा ऐकेल. तर म्हणाली, "महालक्ष्म्यांच्या वेळी काकू जिन्याजवळ वेगळी बसली होती, ते हेच का? मग मलाही आजी तिथेच बसवेल?"

त्या वेळी ती पूर्ण नऊचीही नव्हती, आणि मला वाटलं होतं तिचं तिकडे लक्षच नाही. मी "नाही बसवणार" म्हणाले नाही, कारण घरात अजून ते ठरलेलं नाही. "आजीशी आणि बाबांशी बोलून तुला सांगते" म्हटलं. सासूबाईंकडे विषय कसा काढायचा, हे ज्यांनी केलं आहे त्यांनी लिहा.