गावच्या एकत्र किराण्याचं गाडीभाडं: घरामागे, किमतीवर की किलोवर?

मीनल:
नमस्कार मंडळी,
दर्यापूर तालुक्यात आमच्या गावी आई-बाबांच्या गल्लीतली 12 घरं मिळून अकोल्याहून होलसेल किराणा मागवत आहेत. हिशेबाचा तक्ता मी इथून करून पाठवणार आहे. यादी अशी: सोयाबीन तेलाचे 15 किलोचे 10 पिपे, तूरडाळीचे 30 किलोचे 5 कट्टे, साखरेची 50 किलोची 4 पोती, फल्लीदाण्याची 50 किलोची 2 पोती. एकूण 600 किलो. छोटा हत्ती 1,800 रुपये घेणार, आणि चढवण्या-उतरवण्याची हमाली 21 नगांना 10 रुपयांप्रमाणे 210. म्हणजे वरखर्च 2,010. गल्लीत बहुतेकांचं म्हणणं, 12 ने भागा आणि मोकळे व्हा. पण शेजारच्या एका काकूंचं सामान सगळं मिळून 8 किलो आहे. त्यांनीही 167 रुपये द्यायचे का?

अनिरुद्ध:
मीनल, किमतीच्या टक्क्यावर वाट. मंडळासाठी भारतातून फराळ मागवतो तेव्हा असंच करतो. ज्याचं बिल मोठं, त्याचा खर्च मोठा. तक्त्यात एकच सूत्र लागतं आणि कोणी तक्रार करत नाही.

प्रभाकरकाका:
अनिरुद्ध, फराळाच्या पार्सलला ते शोभतं, कारण कस्टमची ड्युटी मालाच्या किमतीवर बसते. छोट्या हत्तीला किंमत कळत नाही, वजन कळतं. साधारण पाऊण टनाला तो भरला, मग आत साखर असो की तेल.

मीनल, हिशेबापुरते भाव धरू: तेल 150 रुपये किलो, तूरडाळ आणि दाणे 120, साखर 44. सगळा माल 61,300 चा झाला. किमतीवर वाटलं तर वरखर्च पडतो सव्वातीन टक्के. 50 किलो साखरेच्या पोत्यावर येतात 72 रुपये आणि 15 किलोच्या एका पिप्यावर 74. तिपटीहून जड नग, आणि भाडं कमी! साखरवाल्यांचं भाडं तेलवाले भरतात, एवढाच त्याचा अर्थ.

किलोवर धरा. 2,010 भागिले 600, म्हणजे 3 रुपये 35 पैसे. पोत्यावर साडे-167, पिप्यावर सव्वा-50 आणि त्या काकूंवर 27 रुपये. घरामागे सारखं वाटलं तर त्यांना किलोमागे 21 रुपये वरखर्च पडतो. गावातल्या दुकानापेक्षा होलसेलमध्ये किलोमागे तेवढे वाचत नाहीत, म्हणजे काकूंना हा माल दुकानापेक्षा महाग पडेल. अशी घरं पुढच्या खेपेला गळतात. पोतं पूर्ण व्हायला शेवटचे पाच-सात किलो कमी पडतात तेव्हा हीच घरं लागतात.

रोहिणी:
काका, भाड्याचं पटलं. पण पिपा वाटताना काट्याच्या नादी कशाला लागायचं? लिटरचं माप असतंच घरात. एका पिप्याची 15 मापं, पटापट होतं.

प्रभाकरकाका:
रोहिणीताई, एकच पिपा सगळ्यांनी एकाच मापाने घेतला तर वाटणी सारखी होते, हे बरोबर. पण मापं 15 होणार नाहीत. सोयाबीन तेलाचं लिटर भरतं सुमारे 910 ग्रॅम, म्हणून 15 किलोच्या पिप्यात जवळपास साडेसोळा लिटर तेल असतं. पंधरा मापं दिल्यावर उरलेलं दीड लिटर कोणाचं, यावर वाद ठरलेला.

त्याहून मोठी गोष्ट खरेदीच्या वेळची आहे. बाजारात 15 किलोचा पिपा मिळतो तसा 15 लिटरचाही मिळतो, आणि दिसायला दोन्ही सारखे. 15 लिटरच्या पिप्यात तेल 13 किलो 650 ग्रॅमच्या आसपास. दुकानदार 15 लिटरचा 2,100 ला सांगेल आणि 15 किलोचा 2,250 ला. दीडशेने स्वस्त वाटणारा पिपा किलोमागे 154 ला पडतो, महाग वाटणारा 150 ला. म्हणून फोनवर नुसतं "पिपा केवढ्याला?" असं विचारू नका. लेबलवरचं निव्वळ वजन वाचून घ्या आणि भाव किलोत काढा.

वाटताना घेणाऱ्याची रिकामी कॅन काट्यावर ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा, मग ओतायचं. उन्हाळ्यात आपल्याकडे तेल तापून फुगतं, मापात कमी वजन येतं. काट्याला त्याचा फरक पडत नाही. पिप्याला समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत भोकं पाडा, एकातून तेल येतं आणि दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच भोक असलं की गचके खात तेल अंगावर उडतं. शेवटी पिपा अर्धा तास नरसाळ्यावर उलटा ठेवा, आतल्या बाजूंना बरंच तेल चिकटलेलं असतं.

गजानन (सध्या गावी):
काका, साखरेत घट येते तिचं काय? पाच-पाच किलोची मापं देताना काटा प्रत्येक वेळी थोडा वर जातो. पोत्याच्या शेवटी पाव-अर्धा किलो कमीच भरते, आणि शेवटच्या माणसाला वाटते आपल्यालाच फसवलं. तूरडाळीवरूनही कुरकुर असते, शिजत नाही म्हणतात. आपला खारपाणपट्टा, पाणीच जड, दरवेळी डाळीचा दोष नसतो.
आणखी एक. जो पोरगा दिवसभर वाटप करते, त्याला किलोमागे 2 रुपये वर लावून द्यावे असं चाललं आहे.

प्रभाकरकाका:
गजाननभाऊ, घट कोणा एकाच्या गळ्यात घालायची नाही. शेवटच्या माणसाने जेवढं भरलं तेवढंच घ्यावं, तेवढ्याचेच पैसे द्यावे. भाव वाटप झाल्यावर काढा: 200 किलो साखरेचे 8,800 दिले आणि हाती 199 किलो लागली, तर किलोला 44 रुपये 22 पैसे. 22 पैशांवरून कोणी भांडत नाही. फक्त माल उतरला की वाटपाआधी प्रत्येक पोतं काट्यावर चढवा. बारदान धरून 50 भरलं तर आत साखर 50 नाही. ही तूट व्यापाऱ्याची, ती गाडी उभी असतानाच फोनवर सांगायची. वाटल्यावर सांगितलं तर कोणी ऐकत नाही.

पोराला मेहनताना जरूर द्या, पण मालाच्या भावात मिसळू नका. सुटं खाद्यतेल विकायला अन्नसुरक्षा कायद्याखाली मनाई आहे. आपसात वाटून घेणं वेगळं आणि किलोमागे नफा लावणं वेगळं. त्याची मजुरी हमालीसारखी वेगळ्या रकान्यात दाखवा. रिकामे पिपे आणि बारदान विकून येणारे पैसेही तिकडेच लावा.

अनिरुद्ध:
किलोवर पटलं, काका. मग मुरमुऱ्याचं पोतं कोणी मागवलं तर? वजन नाही, पण अर्धी गाडी अडवणार.

गजानन:
हेच विचारणार होतो. दिवाळीच्या खेपेला मुरमुरे अन् पोहे असतेच. एक मुरमुऱ्याचं पोतं ठेवलं की साखरेची दोन पोती बसत नाहीत.

प्रभाकरकाका:
मग त्या पोत्याला दोन साखरपोत्यांचं भाडं लावायला हवं, हिशेबाने. पण ते 335 रुपये होतात, आणि मुरमुऱ्याला तेवढं कोणी देणार नाही. गाडी अर्धी रिकामी जात असेल तर मात्र किलोवरच घ्या, जागा कोणाचीच अडत नाही. भरलेल्या गाडीसाठी काय ठरवायचं ते गल्लीने ऑर्डर देण्याआधी ठरवावं. मला दोन्ही बाजू पटतात.

मीनल:
या खेपेला मुरमुरे नाहीत, त्यामुळे तक्ता किलोवर करते. नगांची हमालीही किलोवरच धरली आहे, मजुरीचा रकाना वेगळा. पिपे 15 किलोचेच आहेत का, ते बाबा आज दुकानात फोन करून विचारतील.