गुरुवारचं भजन: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

*शुक्रवार*

सुलभाताई (बी-२०४), सकाळी ८:०५: सुप्रभात. कालच्या बैठकीबद्दल स्पष्टच बोलते, राग मानू नये. आम्ही सहा बायका खाली आलो होतो आणि दुसऱ्या अभंगानंतर सहाही जणी नुसत्या टाळ्या वाजवत बसलो. आज माझा घसा बसलाय. असंच चालणार असेल तर पुढच्या गुरुवारी माझा नंबर धरू नका.

राहुल (डी-१०३): ताई, टाळ्या मात्र सुरात होत्या 😄

सुलभाताई: राहुल, तू काल जिन्यातून डोकावून गेलास. आत आला असतास तर कळलं असतं.

देशपांडे काका (बी-३०१): नमस्कार. पेटी मी वाजवत होतो, म्हणजे रोख माझ्याकडे आहे हे समजलं. पेटीत दोष नाही. आधी भाता भरून, एकही पट्टी न दाबता किती वेळ टिकतो ते पाहिलं होतं. हवा कुठे जात नाही. सूरही परवाच लावून आणले. काळी एकमध्येच भजन म्हणतात, आमच्या वडिलांपासून.

नीता (सी-५०१): एक विनंती. सी विंगला पाणी संध्याकाळी सात ते पावणेआठ येतं. सातची वेळ ठेवू नये.

अनघा (ए-४०२): काका, पेटी छानच लागली होती. अडचण पट्टीची आहे, म्हणजे षड्ज, आपला ‘सा’, किती उंचावर धरायचा त्याची. पुरुषांना काळी एक, काळी दोन सोयीची असते. बायकांचा षड्ज साधारण काळी चार, काळी पाचला. आम्ही तुमच्या काळी एकचा षड्ज तिथेच खाली धरला तर आवाज लागतच नाही, आणि एक सप्तक वर धरला तर अंतऱ्यात किंचाळावं लागतं. सुलभाताईंचा घसा त्यानेच बसला. गाण्याचा सराव नाही हे कारण नाही.

सुलभाताई: धन्यवाद गं अनघा. काल मला "ताई, रियाज कमी पडतोय" असं ऐकवण्यात आलं होतं.

देशपांडे काका: मी तसं म्हणालो नाही. मी "रियाज हवा" एवढंच म्हणालो.

मिलिंद (सेक्रेटरी): सर्वांना नम्र विनंती, वैयक्तिक होऊ नये. गणपतीत जे झालं ते पुन्हा नको.

राहुल: गणपतीत काय झालं होतं? मी नव्हतो.

मिलिंद: राहुल, प्लीज.

राहुल: बरं, मग एक सुचवू? करावके ठेवा ना. ज्याला जी पट्टी हवी ती बटणावर. माझी गिटारही आहे.

पवार भाऊ (डी-००२): रामकृष्णहरी. गिटार खुशाल घरी वाजव बाळा. भजनात पेटी, पखवाज, टाळ. सिनेमातली गाणी लावून ते भजन होत नसतं.

हर्षाबेन (ए-२०१): भाऊ, मला मराठी वाचता येतं पण भरभर नाही. शब्द आधी कोणी पाठवले तर बरं. काल सगळे खाली मोबाईलमध्ये बघून म्हणत होते, कोणाची नजर तालाकडे नव्हती.

पवार भाऊ: ताई, मुद्द्याचं बोललात. मोबाईल बंद. वही घ्या, मोठ्या अक्षरात लिहा. नवा अभंग आला की आधी चाल नाही, ठेक्यावर नुसते शब्द म्हणायचे. शब्द तोंडात बसले की चाल आपोआप बसते.

नीता: सी विंगला पाणी सात ते पावणेआठ. 🙏

देशपांडे काका: मग काय करायचं ते सांगा. बायकांसाठी काळी चार घेतली तर पुरुषांनी काय करायचं? पखवाज काळी एकला चढवलेला आहे. प्रत्येक गाण्याला हातोडी घेऊन बसायचं का?

अनघा: नाही काका, पट्टी तुमचीच राहू दे. फक्त एक गोष्ट पेटीवर बघा. तुमच्या काळी एकचा पंचम कुठला येतो?

देशपांडे काका: काळी चार.

अनघा: आणि आमचा षड्ज तोच. म्हणजे तुमच्या मध्यमापासून वरच्या षड्जापर्यंतचा पट्टा दोघांनाही आरामाचा आहे. चाल अशी निवडायची की धृपद त्याच पट्ट्यात फिरेल, मग ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं. जी ओळ खाली षड्जाच्या आसपास रेंगाळते ती पुरुषांची. जी तार षड्जाच्या वर जाते ती बायकांची. पट्टी बदलायची नाही, पखवाज उतरवायचा नाही.

देशपांडे काका: हं. बघतो.

देशपांडे काका, सकाळी १०:४०: पाहिलं. काल घेतलेल्या दुसऱ्या अभंगाची चाल धृपदातच खालच्या षड्जावर येऊन थांबते. तिथेच बायका गप्प झाल्या असणार. अनघा म्हणते त्यात तथ्य आहे.

सुलभाताई: 🙏 मी हेच सांगत होते, फक्त मला पट्टी बिट्टी कळत नाही.

राहुल: काकांनी मान्य केलं, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

देशपांडे काका: *हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे*

शिरीष (सी-३०२): यानिमित्ताने विचारतो. भजनाला आलेल्यांच्या स्कूटर काल माझ्या जागेत का होत्या?

मिलिंद: शिरीष, पार्किंगचा विषय पार्किंग ग्रुपवर.

शिरीष: पार्किंग ग्रुपवर कोणी उत्तर देत नाही, म्हणून इथे लिहिलं.

जयश्री (सी-४०१): गाण्यांचं बोला. भीमसेनजींचे आणि किशोरीताईंचे अभंग घेऊया ना, सगळ्यांना तोंडपाठ आहेत.

पवार भाऊ: ताई, ते ऐकायला तोंडपाठ आहेत, म्हणायला नाहीत. ती एका गायकाची चाल, ताना आणि आलाप एकट्या गळ्याचे. वीस जणांना एकत्र म्हणता येईल अशी चाल वेगळी असते. आणि दर गुरुवारी नवीन चाल शिकायची गरज नाही. मोठा अभंग घ्या. त्यात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. मोजा: सुं-द-र ते ध्या-न, उ-भे वि-टे-व-री, क-र क-टा-व-री, ठे-वो-नि-यां. आता हे मोजा: आ-नं-दा-चे डो-ही, आ-नं-द त-रं-ग, आ-नं-द-चि अं-ग, आ-नं-दा-चे. दोन्ही तुकोबांचे आणि माप एकच. एकाची चाल दुसऱ्याला जशीच्या तशी बसते.

हर्षाबेन: मोजले. खरंच बसतं! मग ‘रूप पाहतां लोचनीं’ त्या चालीत का बसत नाही? मी आत्ता म्हणून बघितलं, शब्द उरतात.

पवार भाऊ: ते माउलींचं, लहान मापाचं. आठ आणि आठ. त्याला चाल वेगळी. म्हणून सुरुवातीला तीनच चाली शिकायच्या: दोन मोठ्या मापाच्या, एक लहान मापाची. गाथेतून त्या मापाचे अभंग घेत राहिलात तर वर्षभर पुरतील. अक्षर इकडेतिकडे एखादं जास्त असतं, ते ओढून घ्यायचं.

जयश्री: वा भाऊ! इतकी वर्षं म्हणतेय, हे कधी मोजलं नव्हतं.

नीता: वेळेचं कोणी बोलतच नाही. सात ते पावणेआठ पाणी.

डॉ. सायली (ए-५०२): माझा एक मुद्दा, राग नको. तक्रार भजनाची नाही, टाळांची आहे. काल क्लबहाऊसमध्ये सहा जोड्या होत्या. पाचव्या मजल्यावर मला एकही शब्द ऐकू आला नाही, फक्त खणखणाट. चिन्मयची दहावी आहे.

सुलभाताई: सायली, आम्हाला आत बसूनही शब्द ऐकू येत नव्हते.

शिरीष: 😂

पवार भाऊ: डॉक्टर बरोबर बोलतात. दिंडीत उघड्यावर पन्नास टाळ शोभतात, बंद खोलीत दोन जोड्या पुरे. बाकीच्यांनी हाताने टाळी द्यावी. आणि टाळ सपाट आपटायचा नाही. समोरासमोर आपटला की मध्ये हवा कोंडते आणि ‘थप्प’ वाजतो, मग माणूस अजून जोरात मारतो. वरच्या टाळाची कड खालच्याच्या कडेवर जरा तिरकी टेकवायची, नाद आपोआप निघतो. लांबवायचा नसेल तेव्हा बोटाने दाबून बंद करायचा.

राहुल: काल ‘थप्प’वाले कोण होते?

शिरीष: मी होतो. समजलं.

मिलिंद: माईक आणणार नाही हे माझ्याकडून लिहून घ्या. २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक वर्ज्य आहेच, पण आपण दिवसाही लावणार नाही. एवढ्या खोलीला गरज नाही.

अनघा: आणखी एक. माझ्याकडे कालचं रेकॉर्डिंग आहे. पहिल्या वेळी धृपद वीस सेकंदांत झालं, शेवटच्या वेळी चौदा. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळेच एकत्र पळत होते. शेवटी श्वास पुरत नव्हता तो यामुळे.

देशपांडे काका: पखवाज वाढला, म्हणून पेटी वाढली.

पवार भाऊ: पेटी वाढली, म्हणून पखवाज वाढला.

राहुल: 🍿

अनघा: दोघंही एकमेकांना सांभाळून घेत होता, त्यातून वाढली असं म्हणू. टाळवाल्यांनी पुढे धावायचं नाही, पखवाजाचा ठोका ऐकून मग द्यायचा. लय धरायची जबाबदारी एकट्या भाऊंची. शेवटी गजर चढवायचा असेल तर भाऊ मानेने खूण करतील, तेव्हाच.

देशपांडे काका: मान्य. भाऊंनी धरावी.

पवार भाऊ: काका, तुमची पेटी आहे म्हणून तर बसतोय आम्ही.

नीता: मी शेवटचं विचारते.

मिलिंद: नीताताई, तुमचा मुद्दा चार वेळा वाचला आहे 🙏 सव्वाआठ ते सव्वानऊ चालेल का?

नीता: चालेल. पहिल्यांदाच हो म्हटलं असतंत तर चार वेळा लिहावं लागलं नसतं.

डॉ. सायली: सव्वानऊला बंद होणार असेल तर माझी हरकत नाही. पण नक्की बंद.

अनघा: पहिली दहा मिनिटं मोबाईलवर काळी एकचा तानपुरा लावून नुसता षड्ज आणि पंचम लावू, उशिरा येणाऱ्यांनी त्यात सुरू होऊ नये. मग जुने दोन अभंग, मग नव्या चालीचं फक्त धृपद. अंतरा पुढच्या गुरुवारी. शेवटी पसायदान.

जयश्री: नवीन अभंग महिन्याला किती?

पवार भाऊ: दोन. जास्त घेतले की सगळे अर्धवट राहतात.

शिरीष: आणि स्कूटर?

मिलिंद: शिरीष, गुरुवारी सव्वाआठ ते सव्वानऊ तुझी जागा रिकामी ठेवण्याची जबाबदारी माझी. बास?

शिरीष: बास. मीपण येतो, टाळ कडेवरून वाजवायला.

सुलभाताई: मी येते. माझी वही तयार आहे, हर्षाबेनसाठी सुंदर ते ध्यान मोठ्या अक्षरात लिहून ठेवते.

पवार भाऊ: पखवाजाच्या डाव्या बाजूला लावायला कणीक लागेल, लिंबाएवढा गोळा, सैलसर भिजवलेली. घरून आणली तर वाटेत वाळते. खाली कोणी भिजवून देईल का? झाल्यावर लगेच काढायची, नाहीतर मुंग्या लागतात.

जयश्री: मी देते. माझं पीठ जाड दळलेलं आहे, चालेल?

पवार भाऊ: चालेल. फक्त मीठ नको.

देशपांडे काका: पेटी तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायला दोघं जण लागतील. लिफ्ट गुरुवारपर्यंत दुरुस्त होणार आहे का?

मिलिंद: बघतो काका.

राहुल: मी येतो उचलायला. गिटार घरी ठेवून.