कुशीवर वळलं की खुब्याच्या बाहेर दुखतं: तुमचे अनुभव लिहा

पऱ्हाटी
रात्री एका कुशीवर झोपलं की त्याच बाजूच्या खुब्याला, बाहेरच्या अंगानं, ठसठस लागते आणि जाग येते. हे ज्यांना झालंय किंवा घरात कोणाला झालंय, त्यांनी इथे लिहावं. कुठे दुखायचं, काय केल्यानं वाढायचं, शेवटी काय निघालं, सगळं लिहा. सुरुवात मी करते.

मी 52 वर्षांची, आर्वीकडच्या एका गावात शाळेवर आहे. घरची चार एकर पऱ्हाटी आहे, त्यामुळे कापूस वेचणीच्या दिवसांत सुट्टीचा सगळा वेळ शेतात जातो. कमरेला ओटी बांधायची, आणि ती भरत आली की माझी नेहमी उजव्या अंगाला सरकते. ओझं सावरायला मी त्याच पायावर रेलून उभी राहते. तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. मागच्या कार्तिकात उजव्या कुशीवर झोपणं बंद झालं. दोन-अडीचला जाग यायची, कूस बदलायची, अर्ध्या तासात डाव्या कुशीवरही उजवा खुबाच ओढायला लागायचा. शाळेचा जिना चढताना पहिल्या चार पायऱ्यांना कठडा धरावा लागायचा.

तालुक्याच्या गावी एक्स-रे काढला. सांध्याची झीज सुरू झाली आहे, पुढेमागे खुबा बदलावा लागेल, असं सांगितलं. गोळ्या दिल्या. ते वाक्य मनात घेऊन मी सहा महिने काढले. लग्नाकार्याला जाणं सोडलं, शेत नवऱ्यावर टाकलं.

मग बहिणीनं एका फिजिओकडे नेलं. त्यांनी आधी फिल्म पाहिलीच नाही. म्हणाल्या, "एका बोटानं दाखवा, कुठं दुखतं." मी बोट ठेवलं ते मांडीच्या वर, बाहेरून हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकावर. त्यांनी तिथंच दाबलं आणि माझा श्वास अडकला. रात्रीचं दुखणं अगदी तेच. मग पाठीवर झोपवून गुडघा वाकवला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला नेलं, म्हणजे खुबा आतल्या बाजूला फिरतो. जांघेत काहीच झालं नाही. शेवटी भिंतीला एक बोट टेकवून उजव्या पायावर उभं केलं आणि घड्याळ लावलं. बाराव्या सेकंदाला बाहेरच्या अंगाला ठसठस सुरू झाली.

"हा सांधा नाही, सांध्याच्या बाहेरचं आहे," त्या म्हणाल्या. मी तिथंच रडले.

सेलूची फिजिओ
ताई, तुमची तपासणी नीट झाली. मी रोज असे पेशंट पाहते म्हणून थोडं जोडते.

खुब्याचा सांधा आपण समजतो त्यापेक्षा बराच आत असतो. म्हणून तो बिघडला की दुखणं बहुधा जांघेत येतं, कधी मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत जातं. पेशंटला विचारलं की तो हाताचा पंजा खुब्याला पुढून-मागून कवळून धरतो, एक बोट ठेवून दाखवता येत नाही. पायाची नखं कापणं आणि चप्पलचा पट्टा लावणं त्याला जड जातं, कारण पाय वळेनासा होतो. बाहेरच्या दुखण्यात पाय छान वळतो, फक्त त्या टोकावर भार आला की दुखतं.

बाहेरच्या त्या हाडावर पाण्याची एक चपटी पिशवी असते, बर्सा म्हणतो आम्ही. तिच्याखाली कुल्ल्याच्या स्नायूंचे कंडरे हाडाला चिकटतात आणि वरून मांडीचा जाड पट्टा जातो. पाय आतल्या बाजूला गेला की तो पट्टा या सगळ्याला हाडावर दाबतो. म्हणून त्या कुशीवर झोपलं तरी दुखतं, कारण खालून जमीन दाबते. आणि दुसऱ्या कुशीवर झोपलं तरी दुखतं, कारण वरचा पाय पुढे लोंबतो आणि पट्टा ताणला जातो. एका पायावर रेलून उभं राहिलं की तेच होतं. ओटीचं तुम्ही स्वतःच लिहिलंय.

एक्स-रेत पन्नाशीत थोडी झीज अनेकांना दिसते, दुखत नसलं तरी दिसते. फिल्ममधली झीज आणि तुमचं दुखणं एकच आहे, असं धरून चालता येत नाही.

नाळगंगा
हे दुखणं मला चांगलं माहीत आहे. ती पिशवी सुजते, तिच्यात पाणी भरतं, ते कमी झालं की माणूस बरा. मी खुब्यात इंजेक्शन घेतलं, तिसऱ्या दिवशी त्या कुशीवर झोपलो. सगळ्यांनी घ्यावं, उगाच महिनोन्महिने व्यायाम कशाला.

सेलूची फिजिओ
भाऊ, आराम पडला ते खरं आहे, इंजेक्शनानं पहिले काही आठवडे बऱ्याच जणांना झोप लागते. पण सोनोग्राफीत पाहिलं तर बहुतेकांची पिशवी सुजलेली नसतेच, त्रास कंडऱ्यांचा असतो. ऑस्ट्रेलियात 204 जणांवर केलेला एक अभ्यास 2018 मध्ये आला. आठ आठवड्यांनी व्यायाम आणि सवयी बदललेल्यांपैकी 77 टक्क्यांना बरं वाटत होतं, इंजेक्शन घेतलेल्यांपैकी 58 टक्क्यांना, आणि नुसतं थांबून पाहणाऱ्यांपैकी 29 टक्क्यांना. वर्षभरानंतर मात्र इंजेक्शनवाले आणि थांबून पाहणारे बरेच जवळ आले होते. तुम्हाला घेऊन किती महिने झाले?

नाळगंगा
पहिलं मागच्या माघात. मग दिवाळीत दुसरं घ्यावं लागलं. या वेळेस तेवढा गुण नाही, हे खरं.

रोवणी
आम्ही गोंदियाकडचे, धानाचे. माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या आहेत, त्या बोलतात ते मी तसंच टाइप करते.

"मले त रातभर झोप नाई बाप्पा. इकून झोपलं त हाडूक टोचते, तिकून झोपलं त वरचा पाय लोंबते अन् ओढते. उताणं झोपलं त कंबर धरते. मंग म्या काय केलं, जुनं लुगडं घडी केलं, दोन्ही गुडघ्यांच्या मंधात धरलं. तवापासून पाय लोंबत नाई. खाली सतरंजी होती, तिच्यावर दोन वाकळा टाकल्या. आता पहाटे चारलेच जाग येते, अन् ते त रोजचंच हाय."

फिजिओ ताईंचं वाचून मला कळलं की वरचा पाय लोंबू नये, हेच सासूबाईंनी नेमकं साधलं. एक सुधारणा आम्ही नंतर केली. लुगडं फक्त गुडघ्यात धरलं की पाऊल खाली पडायचं, म्हणून आता गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लांब घडी ठेवतो.

वर्धाकाठ
माझंही असंच आहे, म्हणून विचारतो. वय 39, ट्रॅक्टर चालवतो. रात्री कुल्ल्यापासून निघून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत सणक जाते, पायाच्या अंगठ्याला मुंग्या येतात. खोकललं तरी लागतं. गुडघ्यात उशी ठेवून चार दिवस झाले, फरक नाही.

सेलूची फिजिओ
तुमचं वेगळं वाटतं. बाहेरच्या खुब्याचं दुखणं मांडीवरून गुडघ्यापर्यंत उतरतं, क्वचित त्याच्या खाली जातं, पण अंगठ्याला मुंग्या आणत नाही. खोकल्यानं सणक जाते म्हणजे कमरेतली नस तपासायला हवी. पाऊल उचलायला जड जात असेल, किंवा लघवी-संडासची जाणीव कमी झाली असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वर्धाकाठ
तसं काही नाही. सोमवारी दाखवतो.

वैनगंगेकडची
मी माझ्या भाच्याचं लिहिते, कारण आमच्याकडे हे फार उशिरा कळलं. गडचिरोली जिल्ह्यातला, 22 वर्षांचा, लहानपणापासून सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा. रात्री दुखायचं म्हणून झोपायचा नाही. सगळे म्हणाले, क्रिकेट खेळताना आपटला असेल, लेप लावा. पण तो हात ठेवायचा जांघेत, आणि अधूनमधून म्हणायचा की गुडघा दुखतो. गुडघ्याचाच एक्स-रे काढला, तो चांगला. खुब्याचा काढला, तोही चांगला. पाच महिन्यांनी नागपूरला एमआरआय झाला, तेव्हा कळलं की खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन हाड आतून मरत चाललंय. सुरुवातीला साध्या एक्स-रेत हे दिसत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. आता त्याला कुबडी दिली आहे, त्या पायावर भार टाकायला मनाई आहे, पुढचं ऑपरेशनचं ठरायचंय.

पऱ्हाटी ताई, तुमचं दुखणं बाहेरचं निघालं याचा खरंच आनंद झाला. पण आपल्या भागात सिकलसेलची मुलं घरोघर आहेत. त्यांच्या जांघेच्या दुखण्याला कोणी मुरगळ समजू नये, म्हणून लिहिलं.

पऱ्हाटी
बरं केलं लिहिलंत. भाच्याची काळजी घ्या.

मी काय केलं ते पुरं करते. पहिली पंधरा दिवसं व्यायाम जवळजवळ नव्हताच, फक्त दाब काढायचा होता. पाय ओलांडून बसणं बंद, एका पायावर रेलणं बंद, उजवी कूस बंद, डाव्या कुशीला गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उशी. मग पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, मांड्यांना ओढणी बांधायची आणि गुडघे बाहेर दाबायचे, पण हळू, ओढणी नुसती ताणली जाईल इतकंच. पंधरा सेकंद धरायचं, पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. त्यानंतर कंबर उचलायची, आणि दहाव्या आठवड्यात पायरीवर एका पायानं चढायचं. फिजिओंचा एकच नियम होता: व्यायामानंतर त्या रात्री दुखणं नेहमीपेक्षा वाढलं, तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं.

मधे एक चूक झाली. मोबाइलवर पाहून मी पाय आडवा ओढून मांडीचा पट्टा ताणायला लागले, तिथं ताण बसला की बरं वाटायचं. तीन दिवसांत रात्री पुन्हा दोनची जाग सुरू झाली. त्या ताणानं तोच पट्टा हाडावर दाबला जात होता.

आता अकरा आठवडे झाले. डाव्या कुशीवर सकाळपर्यंत झोप लागते. उजव्या कुशीवर अर्धा तास जमतं, मग टोचतं. जिन्याला कठडा लागत नाही.

रोवणी
सासूबाई विचारतात, रोवणीला जाता येईल का? दिवसभर वाकून, चिखलात.

सेलूची फिजिओ
त्यांना न बघता हो म्हणवत नाही. चिखलातून पाय उपसताना एकाच पायावर सगळा भार येतो, वाकण्यापेक्षा मला त्याची काळजी वाटते. आधी घरी भिंतीला बोट टेकवून एका पायावर तीस सेकंद उभं राहता येतं का बघा. दुखल्याशिवाय जमलं तर पहिल्या दिवशी एकच तास, आणि रात्र कशी जाते ते मला कळवा.

नाळगंगा
मीही आत्ता उभा राहून पाहिलं. डाव्यावर तीस. उजव्यावर आठ.

पऱ्हाटी
माझा प्रश्न अजून सुटलेला नाही. येत्या वेचणीला ओटी बांधायची की नाही? फिजिओ म्हणतात पाठीवर पिशवी घ्या. बायका म्हणतात पाठीवर घेऊन बोंडापर्यंत हात जात नाही. कोणी पाठीवरच्या पिशवीनं पूर्ण हंगाम वेचलाय का?