एकाच पगारात चार हप्ते आणि भिशी, महिना कसा बसवायचा?

मच्छेचा ऑपरेटर: बेळगावच्या उद्यमबागेत कामाला आहे, हातात 31,500 येतात, पगार 8 तारखेला. हप्ते असे: घर 8,900 (5 तारीख), गाडी 3,250 आणि मोबाईल 1,850 (दोन्ही 3 तारीख), बायकोच्या नावावर गटाचं कर्ज 2,600 (15 तारीख, 11 हप्ते राहिलेत, कार्डावर 24 टक्के लिहिलंय). वर भिशी 2,000. घरखर्च साधारण 13,900. मिळवणारा मी एकटाच. गेल्या महिन्यात दोन हप्ते बाऊन्स होऊन 590 प्रमाणे दोनदा कापले. खर्च कुठं कमी करू?

शहापूरची वहिनी: दादा आधी लाईट बिलाचं बघा, गृहज्योतीत 200 युनिटच्या आत आपल्याला ठरवून दिलेल्या युनिटपर्यंत बिल येत नाही, आमचं तर वर्षभर शून्य येतंय. आणि गृहलक्ष्मीचे 2,000 वहिनींच्या खात्यावर येत असतील तर ते गाडीच्या हप्त्याला लावून टाका की, तेवढाच भार कमी.

मच्छेचा ऑपरेटर: लाईट बिल शून्यच आहे वहिनी, ते 13,900 मध्ये धरलेलंच नाही. गृहलक्ष्मी येते, पण कधी दोन महिन्यांचे एकदम तर कधी येतच नाहीत.

टिळकवाडीचे काका (सोसायटीत 22 वर्षं कर्ज खातं बघितलेलं): म्हणूनच ते पैसे कुठल्याच हप्त्यापुढं लिहू नका, ज्याची तारीख ठरलेली नाही त्याच्यावर तारखेचा हप्ता टांगला की तोच बाऊन्स होतो. आले की जूनच्या शाळा फीला बाजूला टाकायचे.

आता तुमचं दुखणं खर्चात कमी आणि तारखेत जास्त आहे. पगार 8 ला आणि 3 व 5 तारखेचे मिळून 14,000 त्याच्या आधी, म्हणजे 8 ला आलेल्या पैशाला पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत खात्यात दम धरून बसायला पाहिजे, आणि किराणा, दूध, पेट्रोल त्याच खात्यातून जात असेल तर तो बसतच नाही. हिशोब बघा, हप्ते 16,600, भिशी धरून 18,600, उरले 12,900 आणि घरखर्च 13,900. तूट 1,000 ची, त्यात बाऊन्सचे 1,180 घातले की 2,180. म्हणजे अर्ध्याहून जास्त खड्डा दंडाचा आहे, तुमच्या भाजीपाल्याचा नाही.

म्हणून पहिलं काम, गाडीच्या फायनान्सवाल्याकडं आणि घराच्या बँकेत लेखी अर्ज द्या की हप्त्याची तारीख 10 करून द्या, पगाराची स्लिप जोडा. मधल्या पाच-सात दिवसांचं व्याज एकदा लागेल, ते लागू दे. मोबाईलवाले सहसा बदलत नाहीत.

दुसरं काम, वेगळं खातं. 8 ला पगार पडला की त्याच दिवशी हप्त्यांचे पैसे त्या खात्यात, आणि त्याचं एटीएम कार्ड घरी ट्रंकेत. यूपीआयला ते खातं जोडायचंच नाही.

नोकरी पुण्यात घर निपाणीत: एवढा खटाटोप कशाला, सगळी कर्जं एकत्र करून एकच पर्सनल लोन घ्या पाच वर्षांचं, एकच हप्ता, एकच तारीख. मी केलंय, सुखात आहे.

टिळकवाडीचे काका: एक तारीख होते ते बरोबर. पण घराचं कर्ज त्यात घालू नका, त्याचं व्याज सगळ्यात कमी असतं. आणि गटाचं जे 11 महिन्यांत संपणार ते पाच वर्षं ताणलं तर हप्ता छोटा दिसतो आणि कर्ज संपता संपत नाही. तुमचं जमलं कारण तुमच्या घरात दोन पगार आहेत, मागं तुम्हीच लिहिलं होतं.

खानापूरची शिक्षिका: मला वाटतं सोनं गहाण ठेवून गटाचं कर्ज लगेच बंद करावं. गटाचं 24 टक्के, सोन्याचं बँकेत त्याच्या निम्म्यापेक्षा कमी. शिवाय दर महिन्याला हप्ता नाही.

टिळकवाडीचे काका: ताई, व्याजाचं तुमचं खरं आहे. पण महिन्याला हप्ता नाही यातच गोम आहे, वर्षाच्या शेवटी मुद्दल आणि व्याज एकदम पुढ्यात येतं, आणि ज्या घरात महिन्याला 1,000 कमी पडतात तिथं ते कुठून येणार? मग नुसतं व्याज भरून नूतनीकरण, परत तेच, आणि एखाद्या वर्षी लिलावाची नोटीस. मी त्या नोटिशींवर सह्या केल्यात, म्हणून सांगतोय. ठेवायचंच असेल तर गटाचे सुटलेले 2,600 दर महिन्याला सोन्याच्या खात्यात भरत राहायचं, रिकामे सोडायचे नाहीत.

मच्छेचा ऑपरेटर: सोनं म्हणजे बायकोचं मंगळसूत्र आणि दोन बांगड्या, तिला विचारल्याशिवाय बोलणार नाही. भिशी 20 जणांची आहे, अजून उचलली नाही. ती उचलू का?

टिळकवाडीचे काका: उचला की. 40,000 आले तर गटाचं आज बंद करायला साधारण 25,500 लागतील, नक्की आकडा ऑफिसातून लेखी घ्या आणि बंद करायचा दंड आहे का तेही विचारा. बंद झाल्यावर पावती आणि ना-हरकत दाखला हातात घेतल्याशिवाय उठू नका. उरलेले 14,500 हप्त्याच्या खात्यात टाका, म्हणजे तारीख बदलून मिळाली नाही तरी 3 आणि 5 चे 14,000 आधीच उभे.

मग महिना असा बसतो: घर, गाडी, मोबाईल आणि भिशी मिळून 16,000, उरले 15,500, घरखर्च 13,900, शिल्लक 1,600. हे 1,600 खर्चायचे नाहीत, गणपती, गाडीचा विमा, शाळेची फी यांच्यासाठी दुसऱ्या डब्यात. घरखर्चात रविवार पेठेतून महिन्याचा किराणा एकदम आणि रोख, गल्लीतलं उधारीचं खातं बंद, बाकीचे पैसे चार पाकिटांत, दर सोमवारी एक. शुक्रवारी पाकीट रिकामं झालं तर समजायचं आकडा चुकलाय, पुढचं पाकीट फोडायचं नाही.

वडगावचा भिशीवाला: काका, एक राहिलं. भिशी बोलीची आहे का चिठ्ठीची? बोलीची असली तर आत्ता उचलायला दोन-तीन हजार सोडावे लागतात. 3,000 सोडले तर 37,000 हातात, त्यातून 25,500 गेले की 11,500, म्हणजे 14,000 चं पण भरत नाही. आणि गटाचं लवकर बंद करून व्याज वाचणार ते पण 3,000 च्या आसपासच, म्हणजे एका हातानं दिलं दुसऱ्या हातानं गेलं. शिवाय उचललेली भिशी म्हणजे कर्जच, शेवटपर्यंत 2,000 चुकवायचे नाहीत, इथं व्याज नाही पण तोंड दाखवायचं असतं.

टिळकवाडीचे काका: मान्य. बोलीची असेल तर 1,500 च्या वर सोडू नका, नाहीतर एक-दोन महिने थांबा. पण व्याजापेक्षा महिन्याला सुटणारे 2,600 मोठे आहेत, तूट तिथंच भरून निघते.

खानापूरची शिक्षिका: मी अजून सोन्याच्याच बाजूची आहे. भिशीला थांबायचं म्हणजे तोवर दर महिन्याला 590 चा धोका घेऊन बसणं.

मच्छेचा ऑपरेटर: भिशी बोलीचीच आहे. काल अर्ज दिले, गाडीवाल्यानं पुढच्या महिन्यापासून 10 तारीख करतो म्हटलं, घराच्या बँकेनं मॅनेजरकडं पाठवलंय, सोमवारी परत बोलावलं आहे. मोबाईलवाला नाहीच म्हटला, त्याचे चारच हप्ते आहेत, ते बायकोच्या शिलाईच्या पैशातून 1 तारखेलाच खात्यात टाकून ठेवतो. वेगळं खातं पोस्टात काढलं तर हप्ते तिथून कापतील का, कुणाला माहीत आहे?