भाडेकरूच्या निरोपाला घरमालकाने काय बोलावं? अनुभव सांगा

प्रतापनगरचे काका:
19 वर्षं वरच्या मजल्यावर राहिलेलं कुटुंब मागच्या महिन्यात बेशाला स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेलं. गच्चीवर जेवण ठेवलं, अन् मी बोलायचं ठरलं. मी निवृत्त शिक्षक, पण हे भाषण तीनदा लिहिलं. पहिल्या कागदावर भाडं कधी किती वाढवलं तेच आलं. बायको म्हणाली, हा तर हिशेब झाला. दुसऱ्यात "घरच्यासारखे राहिले" वगैरे. ते कोणत्याही भाडेकरूला चाललं असतं, तेही फाडलं.

तिसऱ्यात एकेकाचा एकच प्रसंग घेतला. 2020 मध्ये आम्ही दोघं तापाने पडलो तेव्हा वहिनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर डबा ठेवून हाक मारायच्या. त्यांचा मुलगा मे महिन्यात आमच्याही कूलरमध्ये पाणी भरून जायचा. अन् भांडण. टाकी वाहत होती म्हणून मी भाऊंना बोललो, दोन महिने अबोला. नंतर कळलं, बॉल व्हॉल्व्ह खराब होता. मी ते कधी कबूल केलं नव्हतं, त्या दिवशी सगळ्यांसमोर केलं.

चार मिनिटांत संपवलं. पण समोरच बसलेल्या आजींचं नाव राहिलं. जेवताना लक्षात आलं, ताट घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसलो. अजून टोचून राहिलं आहे. आता सांगतो, घरातल्या सगळ्यांची नावं आधी कागदावर लिहा.

महाल:
काकाजी, छान केलं. आम्ही भाषण संपल्यावर डिपॉझिटचं पाकीट सर्वांसमोर दिलं. मोकळेपणा दिसतो.

धंतोली, तीन भाडेकरूंना निरोप दिलेली:
भाऊ, पूर्ण परत देत असाल तर ठीक. पण रंग किंवा लाइट बिलाचे पैसे कापले असतील तर लोकांसमोर ना त्यांना मोजता येत, ना विचारता येत. आम्ही आदल्या दिवशी दोघं मिळून मीटरचं रीडिंग घेतो, नळ-पंखे बघतो, पैसे देऊन सही घेतो. मग दुसऱ्या दिवशी दोघांच्याही मनात काही अडकत नाही. आणि नवीन भाडेकरू कोण येतोय, हे भाषणात काढू नका. एकदा माझ्याकडून निघालं, त्यांच्या लेकीचा चेहरा उतरला.

मानेवाडा:
माझा भाडेकरू 11 महिने संपले तरी जाऊन नाही राहिला. त्याला काय बोलू?

धंतोली:
दादा, इथे आपण निरोपाचं बोलून राहिलो. पण करार नोंदवला होता का ते आधी बघा. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. तो कागद घेऊन वकिलाकडे जा.

नंदनवन, भाडेकरूची मुलगी:
आमच्याही काकाजींनी निरोपाला जुनं भांडण काढून माफी मागितली. मनापासून मागितली, पण आईने ते भांडण माहेरी कधी सांगितलं नव्हतं, आणि मामा-मामी तिथेच बसले होते. तिला रडू आलं. बाबा म्हणतात बरं झालं बोलले. आई म्हणते, खाली बोलावून सांगायचं होतं.

प्रतापनगरचे काका:
ताई, हे माझ्या ध्यानातच नाही आलं. भाऊ त्या दिवशी मान खाली घालून बसले होते. रविवारी बेशाला जाऊन राहिलो, विचारतो.