फोन कपाटात ठेवला की डोकंही कपाटात जातं का?

सरळरेषा: ऑफिसचा दिवस संपवायचं रिच्युअल काय, असं इथे जो तो विचारतोय. माझं सांगतो: साडेपाच वाजले की लॅपटॉप बंद, सगळी नोटिफिकेशन्स बंद, फोन कपाटात. दोन वर्षं झाली, जग बुडालेलं नाही. ज्यांना हे जमत नाही त्यांना कामाचा ताण नसतो, आपल्यावाचून ऑफिस अडतं हा गोड गैरसमज असतो. दिवस संपवायला कसलं आलंय रिच्युअल?

वाकडकरीण: हे वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितेय. मी टेस्टिंगची टीम सांभाळते, क्लायंट अमेरिकेत. मागच्या वर्षी तुमच्यासारखाच उपदेश ऐकून मीही सगळी नोटिफिकेशन्स बंद केली, आणि फोन आधीपेक्षा जास्त बघायला लागले. खोटं वाटेल म्हणून आकडे देते. फोनच्या Digital Wellbeing मध्ये दिसतात, कुणीही बघावेत. बंद करण्याआधीच्या एका मंगळवारी नोटिफिकेशन्स आली होती ३१ आणि मी फोन उघडला होता ११२ वेळा. म्हणजे ऐंशीएक वेळा मला कुणी बोलावलंच नव्हतं, हात आपला आपण गेला होता. बंद केल्यावरच्या मंगळवारी १४०!

कारण नंतर कळलं. मेल उघडायचा, काही नसायचं, हुश्श व्हायचं. ते हुश्शच बक्षीस. दहा मिनिटांत त्याचा असर उतरतो, मग पुन्हा. घंटा चालू होती तेव्हा निदान 'वाजली नाही म्हणजे काही नाही' असं स्वतःला सांगता यायचं. घंटाच काढल्यावर तेही गेलं.

आता काय करते ते सांगते. पाच चाळीसला शेवटचा मेल बघते. इनबॉक्स रिकामा करत नाही, तो कधीच होत नाही. जे मेल टोचतात तेवढेच वहीत उतरवते, पण 'पेमेंटचा बग' असं नाही. 'पेमेंटचा बग, उद्या सव्वादहा, आधी लॉग मागवायचे' असं. पहिल्या ओळीने रात्री अकराला जाग येते, दुसरीने येत नाही. मग ग्रुपवर एक ओळ: 'मी निघते. उद्या दहाला. प्रॉडक्शन पडलं तर फोन करा, मेसेज नको.' तातडीच्या कामाला एकच दार उरलं, फोनची रिंग, म्हणून बाकीची दारं बघायची गरज उरत नाही. मग फोनवरचं ऑफिसचं प्रोफाइल पॉज. साडेनऊला एकदाच उघडते, कारण तेव्हा तिकडे सकाळ असते. सगळं मिळून वीस मिनिटं.

सरळरेषा: म्हणजे रोज वीस मिनिटं फुकट ओव्हरटाइम, वर रात्री साडेनऊला हजेरी. याला सुटका म्हणतात होय? आमच्याकडे याला नोकरी म्हणतात.

मेंदूमित्र: हे सगळं डोपामिन आहे. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगातल्या कबुतरांना दाणा कधी मिळेल ते ठरलेलं नसलं की ती चोच मारतच राहायची. आपण तीच कबुतरं. २१ दिवस नेटाने फोन बाजूला ठेवा, सवय मोडते.

प्राध्यापिका: कबुतरांपर्यंत बरोबर. २१ दिवस मात्र कुठून येतात देव जाणे. लंडनमध्ये २०१० साली झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४ निघाले. आणि तो अभ्यास सवय लागण्याचा, मोडण्याचा नव्हे.

वाकडकरणीच्या अनुभवाला मात्र आधार आहे. २०१९ साली भारतातल्याच फोन वापरणाऱ्यांवर प्रयोग झाला. ज्यांना नोटिफिकेशन्स दिवसातून तीनदा गठ्ठ्याने मिळाली ते निवांत झाले. ज्यांची पूर्ण बंद केली त्यांची धाकधूक वाढली. वहीचंही तसंच. २०११ सालच्या प्रयोगांत अर्धवट काम डोक्यात घोळायचं थांबायला ते पूर्ण करावं लागलं नाही. कधी आणि कसं करणार एवढं ठरवणं पुरलं. पण वहीवर विश्वास हवा. वहीत लिहून सकाळी वही उघडलीच नाही, तर आठवड्याभरात डोकं तिला मानेनासं होतं.

कोकणस्थ_काका: रात्री फोन कपाटात ठेवला तर सकाळचा अलार्म ऐकू येतो का? कपाट लाकडी आहे.

झेडपी_मास्तर: तुमची साडेनऊची ठरलेली वेळ वाचून हेवा वाटला. आमच्या ग्रुपवर परवा रात्री नऊ चाळीसला: 'सर्व विद्यार्थ्यांची आधार माहिती एक्सेलमध्ये उद्या सकाळी १० पर्यंत. अत्यंत तातडीचे. विलंब झाल्यास जबाबदारी आपली राहील.' त्याखाली चाळीस जणांचे 'ओके सर' आणि हात जोडलेले. ज्याचा 'ओके' दिसत नाही त्याचं नाव अकरा वाजता यादीत येतं. हीच माहिती आम्ही दोन महिन्यांपूर्वी दिली होती. मी कुठलं प्रोफाइल पॉज करू? ग्रुप माझ्या खासगी नंबरावर आहे, त्यातच मुलीच्या सासरचे मेसेज.

वाकडकरीण: मास्तर, खरंय, तुमच्या केसला माझी वही अर्धीच पुरते. मी निघते म्हटलं तर मला कुणी यादीत टाकत नाही.

मेंदूमित्र: सगळ्या शिक्षकांनी मिळून 'ओके' द्यायचं थांबवलं तर?

झेडपी_मास्तर: तुम्ही कधी सरकारी नोकरीत होतात का हो?

कायद्याचा_किडा: यावर कायदाच हवा. सुप्रिया सुळेंनी २०१८ साली लोकसभेत 'राइट टू डिस्कनेक्ट'चं, म्हणजे कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं, खासगी विधेयक मांडलं होतं. फ्रान्समध्ये २०१७ पासून कायदा आहे.

सरळरेषा: खासगी विधेयक! शेवटचं संमत झालं १९७० साली. मास्तरांची नात निवृत्त होईल तोवर.

कायद्याचा_किडा: मग काय, सगळ्यांनी तुमच्यासारखं कपाट घ्यायचं? तुम्हाला यादीत टाकणारा कुणी नाही म्हणून तत्त्वज्ञान सुचतंय.

सरळरेषा: वैयक्तिक होऊ नका. आणि फ्रान्सचा कायदा तरी काय, मोठ्या कंपन्यांनी कामगारांशी वाटाघाटी कराव्यात एवढंच सांगतो. रात्री मेल पाठवणं गुन्हा नाही तिथे.

कायद्याचा_किडा: हे बरोबर आहे. आनंद झाला असेल.

जर्सीवाला: एक कबुली देतो, शिव्या घाला. रात्री साडेनऊला मेल पाठवणारा मीच. इथे अमेरिकेत हिवाळ्यात तेव्हा सकाळचे अकरा असतात. पुण्याच्या टीमकडून लगेच उत्तर आलं की वाटायचं, वा, काय तत्पर लोक! एकीने निरोप घेताना सांगितलं की माझं नाव दिसलं की जेवताना घास अडकायचा. तेव्हापासून Schedule send लावतो, तिकडच्या सकाळी दहाला. मला उत्तर त्याच रात्री नकोच असायचं, पण तसं मेलमध्ये लिहायचं कधी सुचलं नव्हतं.

वाकडकरीण: हे तुम्ही आमच्या मॅनेजरला सांगाल का?

प्राध्यापिका: मास्तर, एक बघा. 'ओके सर' टाकणं आणि एक्सेल भरणं ही दोन कामं आहेत. ओके तेव्हाच टाका, पण एक्सेल उघडू नका. वहीत वेळ घालून लिहा आणि फोन ठेवा.

झेडपी_मास्तर: काल पुन्हा तसाच मेसेज आला, तेव्हा हेच केलं. 'एक्सेल, सकाळी सव्वासात, हजेरीपत्रक घेऊन.' झोप लागली. सकाळी साडेसातला मेसेज: 'काल मागवलेली माहिती रद्द.' रात्री भरत बसलेल्या दोघांनी ग्रुपवरच हात जोडलेत, पहिल्यांदाच ओके न लिहिता.

सरळरेषा: कुणी विचारायच्या आत सांगतो, ते Digital Wellbeing मीही बघितलं. फोन कपाटात असताना तो कितीदा उघडला गेला तो आकडा मी इथे देणार नाही.

कोकणस्थ_काका: अलार्मचं कुणी सांगितलंच नाही.